पुन्हा एकदा बघाल का?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामात एक वेळ अशी येते की लिहून झालेलं असतं, चालवून पाहिलेलं असतं आणि तरीही काम अडलेलं असतं. पडद्यावर लाल खूण दिसते आणि तिच्याशेजारी दोन शब्द: `Changes requested`. दुसऱ्या कोणीतरी आपलं लिखाण वाचलेलं असतं आणि बदल सुचवलेले असतात. आता ते बदल करायचे, ज्याने सुचवले त्याला ते दिसतील असे मांडायचे आणि त्याला पुन्हा एकदा बघायला सांगायचं. ऐकायला हे एका ओळीचं काम वाटतं. प्रत्यक्षात अनेक चांगले बदल याच टप्प्यावर आठवडेच्या आठवडे पडून राहतात. भांडण कुणाचंच नसतं. लिहिणाऱ्याला वाटतं, तपासणारा बघेल. तपासणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याचं अजून चालू आहे.

या व्यवहाराची जागा आधी सांगतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ नावाची प्रणाली तयार केली. प्रोग्रॅमच्या फायलींमधला प्रत्येक बदल ती एकेका नोंदीत साठवते. या नोंदीला कमिट म्हणतात. बदल कुणी केला, कधी केला आणि का केला, हे सगळं कमिटमध्ये असतं. २००८ पासून सुरू असलेल्या ‘गिटहब’वर अशी लाखो कामं ठेवलेली आहेत. मूळ प्रतीला, म्हणजे मुख्य ब्रँचला, कोणी थेट हात लावत नाही. आपली वेगळी ब्रँच काढायची, तिच्यात बदल करायचे आणि ‘हे मुख्य प्रतीत घ्या’ अशी विनंती टाकायची. ही पुल रिक्वेस्ट. मग रिव्ह्यूअर ओळ न् ओळ वाचतो आणि जिथे खटकेल तिथे त्याच ओळीखाली कमेंट लिहितो. प्रत्येक कमेंटखाली उत्तर-प्रत्युत्तराची साखळी तयार होते, तिला थ्रेड म्हणतात.

आता एक लहानसं काम घेऊ. समजा, सार्वजनिक ग्रंथालयांसाठी काही हौशी मंडळी मिळून एक प्रोग्रॅम लिहीत आहेत. त्यात एका नव्या मुलीने उशिरा परत आलेल्या पुस्तकांचा दंड काढणारा तुकडा लिहिला. दर दिवसाला दोन रुपये.

```python
RATE = 2

def late_fee(due, returned):
    # retruns rupees
    days = (returned - due).days
    return days * RATE
```

`due` ही मुदतीची तारीख आणि `returned` ही पुस्तक परत आल्याची तारीख. दोन्हींची वजाबाकी करायची आणि आलेल्या दिवसांना दराने गुणायचं. त्या प्रकल्पातल्या एका जुन्या जाणकाराने हे वाचलं आणि चार कमेंट लिहिल्या. पहिली: `retruns` हे स्पेलिंग चुकलं आहे. दुसरी: पुस्तक मुदतीआधी परत आलं तर दिवस उणे येतील, तिथे `abs(days)` करा. तिसरी: मुदतीच्या दिवशीच पुस्तक आणून दिलं तर दंड लागतो का? चौथी: ग्रंथालय बंद असेल त्या दिवसांचा दंड लावायचा का?

चारही कमेंट पडद्यावर सारख्याच दिसतात. तोच चौकोन, तोच टाइप. पण चौघींना चार वेगळी उत्तरं लागतात, म्हणून फाइल उघडण्याआधी सगळ्या एकदा वाचून काढाव्यात. पहिल्या कमेंटवर काम सुरू करून संध्याकाळी चौथीला पोचलात आणि तिच्यामुळे सगळाच हिशेब बदलणार आहे हे तेव्हा कळलं, तर दिवसभराचं काम वाया जातं.

पहिलीत विचार करण्यासारखं काही नाही. रिव्ह्यूअरने सुधारलेली ओळच लिहून दिली आहे. गिटहबवर अशा सूचनेखाली `Commit suggestion` हे बटण येतं. ते दाबलं की सुधारलेल्या ओळीची कमिट तिथल्या तिथे तयार होते आणि सुचवणाऱ्याचं नाव सहलेखक म्हणून तिच्यात नोंदलं जातं. एका दाबात काम संपतं.

दुसऱ्या कमेंटमध्येही सुधारलेली ओळ तयार आहे आणि तेच बटण खुणावतं आहे. इथे मात्र थांबायला हवं. १० जूनची मुदत असलेलं पुस्तक वाचकाने ७ जूनला आणून दिलं, तर मूळ कोड उणे तीन दिवस मोजतो आणि दंड उणे सहा रुपये काढतो. म्हणजे ग्रंथालयच वाचकाला सहा रुपये देणं लागतं. रिव्ह्यूअरने दाखवलेली चूक अगदी खरी आहे. पण त्याने सुचवलेलं `abs` फक्त चिन्ह पुसतं. उणे तीनचे अधिक तीन होतात आणि पुस्तक लवकर परत करणाऱ्यालाच सहा रुपये दंड बसतो. हवंय ते वेगळंच: उणे आकडा आला तर शून्य धरा.

```python
    days = max(0, (returned - due).days)
```

रिव्ह्यूअर जाणकार आहे, पण तो घाईत वाचत असतो आणि कोड चालवून बघतोच असं नाही. त्याला जे खटकतं ते बहुतेक वेळा खरोखर खटकण्यासारखं असतं. त्याने दिलेला उपाय मात्र तितकाच खरा असेल याची खात्री नसते. नवी माणसं इथे फसतात. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून ती बटण दाबून मोकळी होतात. ‘तुमचं बरोबर आहे, पण `abs` घेतलं तर ७ जूनला आलेल्या पुस्तकाला सहा रुपये दंड लागेल, म्हणून `max` वापरलं’ एवढं वाक्य पुरेसं असतं. त्यात तारीख आणि आकडा असल्यामुळे वाद घालायला जागाच उरत नाही. ‘मला `max` जास्त योग्य वाटतं’ असं लिहिलं असतं, तर आवडीनिवडीची चर्चा सुरू झाली असती.

तिसरी कमेंट म्हणजे निव्वळ प्रश्न आहे. मुदतीच्या दिवशीच पुस्तक आलं तर वजाबाकी शून्य येते आणि दंड लागत नाही. हे उत्तर थ्रेडमध्ये लिहून टाकावं असं कुणालाही वाटेल. पण गूगलने आपल्या अभियंत्यांसाठी केलेल्या आणि सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या रिव्ह्यूच्या मार्गदर्शिकेत एक उपयोगी सल्ला आहे. रिव्ह्यूअरला काही समजलं नाही, तर आधी कोडच जास्त स्पष्ट करा. कारण जो प्रश्न आज त्याला पडला तो वर्षभराने दुसऱ्याला पडणार, आणि तो दुसरा हा थ्रेड शोधत बसणार नाही. म्हणून आमच्या या मुलीने एक छोटी चाचणी लिहिली: मुदत १० जून, परत १० जून, दंड शून्य. आता उत्तर कोडसोबतच राहील, आणि पुढे कुणी चुकून हा नियम मोडला तर चाचणी लगेच आरडाओरडा करेल.

चौथी कमेंट सगळ्यात अवघड, कारण ती योग्य आहे आणि तरीही या कामात बसत नाही. बंद दिवस वगळायचे तर सुट्ट्यांची यादी लागेल. प्रत्येक ग्रंथालयाची यादी वेगळी. ती कुठे ठेवायची, कोण बदलणार, वर्ष संपल्यावर काय करायचं? सहा ओळींचा बदल म्हणता म्हणता सहाशे ओळींवर जाईल आणि दंडाचा साधा हिशेबही महिनाभर अडकून पडेल. अशा वेळी ‘हे पुढे बघू’ लिहिणं म्हणजे विसरण्याची तयारीच. त्याऐवजी प्रकल्पाच्या कामांच्या यादीत सुट्ट्यांच्या प्रश्नाची स्वतंत्र नोंद करायची आणि तिचा क्रमांक थ्रेडमध्ये द्यायचा: ‘बंद दिवसांचं `#218` मध्ये नोंदवलं आहे, यादी कुठे ठेवायची तेही तिथेच ठरवू. या बदलात फक्त साधा हिशेब ठेवते, चालेल का?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. काम पुढे ढकलायचं की नाही, हे तिने एकटीने ठरवायचं नाही.

एवढं झाल्यावर तिने आपल्या संगणकावर दोन कमिट केल्या, एक `max`ची आणि एक चाचणीची. पाठवायला गेली तर गिटने नकार दिला.

```
! [rejected]  late-fee -> late-fee (fetch first)
```

या एका ओळीने अनेकांचं काम बिघडवलं आहे. खरं तर कारण साधं आहे. स्पेलिंगची कमिट तिने गिटहबवर बटण दाबून केली होती. ती कमिट तिथे आहे, हिच्या संगणकावर नाही. गिट सांगतं आहे की तुझ्याकडे नसलेलं काहीतरी तिकडे आहे, ते आधी आण. त्यासाठी:

```
git pull --rebase
git push
```

तिकडची कमिट खाली येते, हिच्या दोन कमिट तिच्यावर बसतात आणि सगळं मिळून वर जातं. पण घाईतला माणूस इंटरनेटवर शोधतो, त्याला `git push --force` सापडतं आणि तो ते चालवतो. नकार जातो, सगळं हिरवं दिसतं आणि स्पेलिंगची सुधारणा गुपचूप पुसली जाते. रिव्ह्यूअर पुन्हा बघतो तर `retruns` जागच्या जागी. त्याच्या मनात साहजिकच येतं की हिने आपलं ऐकलंच नाही. जबरदस्तीने पाठवण्याची वेळ खरंच आली, तर `--force-with-lease` वापरावं. आपण शेवटचं पाहिल्यानंतर तिकडे कुणी काही भर घातली असेल, तर ते अडून बसतं.

दोन बदलांच्या दोन कमिट का, एकच का नाही? आणि नव्या कमिट तरी कशाला, जुनीच दुरुस्त करून का ठेवू नये? गिटमध्ये `git commit --amend` लिहिलं की मागची कमिट नव्या मजकुरासह पुन्हा लिहिली जाते, आणि इतिहास असा दिसतो की जणू चूक कधी झालीच नव्हती. नीटनेटकेपणाची आवड असणाऱ्यांना याचा मोह होतो. पण रिव्ह्यूअर पुन्हा येतो तेव्हा त्याला सगळं पहिल्यापासून वाचायचं नसतं. मागच्या वेळेनंतर काय बदललं, एवढंच बघायचं असतं. गिटहब त्याला नेमकी हीच सोय देतं. फायलींच्या पानावर ‘माझ्या मागच्या रिव्ह्यूनंतरचे बदल’ एवढेच निवडून पाहता येतात. आपल्या उदाहरणात त्याला सुधारलेलं स्पेलिंग, `max`ची एक ओळ आणि एक चाचणी दिसेल, म्हणजे दोन मिनिटांचं काम. जुनी कमिट पुन्हा लिहून जबरदस्तीने पाठवली असती, तर त्याने ज्या कमिटपर्यंत वाचलं होतं तीच ब्रँचवरून गेली असती. ‘नंतरचे बदल’ मोजायला खूण उरली नसती, आणि त्याला सगळं नव्याने वाचावं लागलं असतं. सहा ओळींत हे चालून जातं. चारशे ओळींत रिव्ह्यूअर ती पुल रिक्वेस्ट बंद करतो आणि दुसऱ्या सोप्या कामाकडे वळतो.

हाच घोळ दुसऱ्या एका वाटेनेही होतो. दुरुस्ती करताना संपादकाने आपोआप सगळ्या फाइलची मांडणी बदलली, म्हणजे रिकाम्या जागा, अवतरणचिन्हं, ओळींची लांबी. मग एका ओळीच्या बदलाभोवती दोनशे ओळी रंगलेल्या दिसतात. अशी मांडणी करायचीच असेल तर ती वेगळ्या कमिटमध्ये करावी, शक्यतो वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये.

सगळीकडे हाच रिवाज आहे असं नाही. लिनक्स कर्नलचं काम आजही मुख्यतः ईमेलने चालतं, आणि तिथे उलटी पद्धत आहे. शेरे आले की दुरुस्त्यांचे तुकडे पाठवायचे नाहीत. पूर्ण बदल नव्याने, स्वच्छ करून, `[PATCH v2]` असं शीर्षक देऊन पाठवायचा. मग वाचणाऱ्याला फरक कसा कळणार? त्यासाठी तीन आडव्या रेघांची `---` अशी एक ओळ असते. तिच्याखाली ‘पहिल्या आवृत्तीनंतर हे बदललं’ असं हाताने लिहायचं. बदल स्वीकारला जातो तेव्हा त्या ओळीखालचा मजकूर गिट इतिहासात घेत नाही. म्हणजे तो फक्त तपासणाऱ्यासाठीच असतो. गिटहबवर जे यंत्र दाखवतं, ते तिथे माणसाने सांगायचं असतं. गिटहबवरचेही काही प्रकल्प शेवटी स्वच्छ इतिहास मागतात. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. रिव्ह्यू चालू असताना `git commit --fixup` ने दुरुस्तीच्या कमिट वेगळ्या ठेवायच्या आणि सगळ्यांची मान्यता मिळाल्यावरच `git rebase -i --autosquash` ने त्या मूळ कमिटमध्ये मुरवायच्या. प्रकल्पाचा रिवाज त्याच्या `CONTRIBUTING.md` फाइलमध्ये बहुतेक लिहिलेला असतो. पहिली दुरुस्ती पाठवण्याआधी तो वाचावा.

कमिट वर गेल्या की मग उत्तरं. आधी पाठवणं, मग लिहिणं, हा क्रम पाळावा. कारण उत्तरात कमिटचा क्रमांक द्यायचा असतो. ‘`c41d07e` मध्ये बदललं’ असं लिहिलं की गिटहब त्या क्रमांकाची आपोआप लिंक करतं आणि रिव्ह्यूअर एका टिचकीत नेमक्या बदलावर पोचतो. कमिट अजून आपल्याच संगणकावर असेल तर तो क्रमांक नुसती अक्षरं राहतो. ‘केलं’ एवढंच उत्तर चुकीचं नाही. पण वीस थ्रेडमध्ये वीस वेळा ‘केलं’ लिहिलं, तर शोधण्याचं ओझं समोरच्यावर पडतं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात भले भले अडकतात. फायलींच्या पानावरून उत्तर लिहिताना गिटहब ते उत्तर एका नव्या रिव्ह्यूचा भाग म्हणून बाजूला ठेवू शकतं. `Start a review` दाबलं की असं होतं. त्या उत्तराशेजारी पिवळ्या अक्षरांत `Pending` दिसतं. आपल्याला आपलं उत्तर नीट दिसतं, म्हणून वाटतं की गेलं. ते दुसऱ्या कुणालाही दिसत नसतं. शेवटी `Submit review` दाबेपर्यंत सगळी उत्तरं आपल्यापाशीच अडकलेली असतात. आठवडाभर कुणी प्रतिसाद दिला नाही तर रागावण्याआधी पान वरपासून खालपर्यंत चाळून बघावं, कुठे `Pending` राहिलं आहे का.

आता थ्रेड मिटवणं. प्रत्येक थ्रेडच्या तळाशी `Resolve conversation` हे बटण असतं. ते दाबलं की थ्रेड घडी होऊन बंद होतो. पुल रिक्वेस्ट ज्याने टाकली त्याला हे बटण दाबता येतं, आणि त्या प्रकल्पात लिहिण्याचा अधिकार असणाऱ्यांनाही. म्हणजे परवानगी दोघांना आहे. पण दाबावं कोणी? एका पंथाचं म्हणणं, ज्याने थ्रेड उघडला त्यानेच बंद करावा. त्याचं समाधान झालं की नाही हे त्यालाच ठाऊक. दुसरा पंथ म्हणतो, दुरुस्ती केली की करणाऱ्याने बंद करावा, नाहीतर रिव्ह्यूअरला आधीच झालेल्या तीस गोष्टींवरून हात फिरवत बसावं लागतं.

मला वाटतं, उत्तर कमेंटच्या जातीवर ठरावं. स्पेलिंगचा थ्रेड मुलीने खुशाल मिटवावा. जे सांगितलं तेच झालं आहे, त्यात मत द्यायला काही नाही. `abs`चा थ्रेड तिने मिटवू नये. तिथे तिने रिव्ह्यूअरचा उपाय नाकारून स्वतःचा दिला आहे, आणि तो पटला की नाही हे त्याने सांगायचं. सुट्ट्यांच्या थ्रेडमध्ये तिने प्रश्न विचारला आहे, म्हणून तोही उघडाच. चाचणीचा थ्रेड सीमेवरचा. तिने लिंक देऊन उघडा ठेवला, म्हणजे चारपैकी एक बंद आणि तीन उघडे.

असहमतीचा थ्रेड आपणच मिटवला, तर बंद खोक्यात जी घडी पडते ती रिव्ह्यूअर उघडून बघेलच असं नाही. बघितली, तर त्याला वाटतं आपलं तोंड बंद केलं. अनेक संघ गिटहबवर अशी सेटिंग लावतात की सगळे थ्रेड मिटल्याशिवाय बदल मुख्य प्रतीत घेताच येत नाही. हेतू चांगला, कुठलीही कमेंट सुटू नये. पण शुक्रवारी संध्याकाळी बटण हिरवं व्हायलाच हवं असेल तेव्हा लोक उत्तर न देताच `Resolve` दाबत सुटतात. मिटलेल्या थ्रेडमध्ये शेवटचा शब्द कुणाचा, कमेंट करणाऱ्याचाच असेल तर काहीतरी गडबड आहे, ही त्याची ओळख.

या दरम्यान पानावर `Outdated` ही खूण दिसू लागते. ज्या ओळीवर कमेंट होती ती ओळ बदलली की गिटहब ती खूण लावतं. नवखे तिचा अर्थ ‘प्रश्न सुटला’ असा घेतात. तिचा अर्थ ‘ती ओळ बदलली’ एवढाच. चुकीच्या दिशेने बदलली तरी खूण लागतेच.

आता शेवटचं पाऊल, आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारंही हेच. कमिट पाठवल्या, उत्तरं लिहिली, थ्रेड मिटवले, तरी रिव्ह्यूअरचं काम अजून सुरू झालेलं नाही. त्याने आपला रिव्ह्यू सादर केला त्या क्षणी ही पुल रिक्वेस्ट त्याच्या ‘तपासायच्या’ यादीतून निघून गेली. नवी कमिट आल्याने ती परत येत नाही. त्याने दिलेला नकारही नव्या कमिटने पुसला जात नाही, लाल खूण तशीच राहते. मान्यता सक्तीची असलेल्या प्रकल्पात तो स्वतः मान्यता देईपर्यंत किंवा अधिकार असलेल्या कुणी तो नकार रद्द करेपर्यंत काम अडूनच राहतं. उजव्या बाजूला `Reviewers` मध्ये त्याच्या नावाशेजारी दोन गोल बाणांची एक बारीकशी खूण असते. तिच्यावर टिचकी मारली की रिव्ह्यू पुन्हा मागितला जातो, त्याला सूचना जाते आणि काम त्याच्या यादीत परत येतं. ती खूण इतकी लहान आहे की वर्षानुवर्षं गिटहब वापरणाऱ्यांनाही कधीकधी दाखवावी लागते.

टिचकी मारण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. आपोआप चालणाऱ्या चाचण्या नव्या कमिटवर पुन्हा चालतात, त्या हिरव्या झाल्या का? आणि बदल सगळे झाले का, की दोनच झाले आणि उरलेले उद्या? अर्धवट काम परत बघायला देणं म्हणजे त्याचं लक्ष दोनदा मागणं. सोबत दोन ओळींची कमेंट असावी. आमच्या मुलीने लिहिलं: ‘स्पेलिंग आणि मुदतीच्या दिवसाची चाचणी झाली. `abs` ऐवजी `max` का, ते थ्रेडमध्ये लिहिलं आहे, तिथे तुमचं मत हवं. सुट्ट्या `#218` मध्ये नेल्या आहेत. पुन्हा एकदा बघाल का?’ इंग्रजीत काम चालतं तिथे याच विनंतीसाठी `PTAL` ही चार अक्षरं लिहितात.

मग वाट बघायची. गूगलच्या त्याच मार्गदर्शिकेत उत्तराला जास्तीत जास्त एक कामाचा दिवस धरला आहे. पण तो पगारी नोकरीचा हिशेब झाला. हौशी प्रकल्पात लोक नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बसतात, तिथे आठवडाभर थांबून मग एक नम्र आठवण करावी.

दुसऱ्यांदा बघताना रिव्ह्यूअरला काय सापडलं? `max` त्याला लगेच पटलं आणि तो थ्रेड त्याने स्वतः मिटवला. पण लवकर परत आलेल्या पुस्तकासाठी मुलीने आणखी एक चाचणी `max`च्याच कमिटमध्ये जोडली होती. तिच्यावर तो थबकला.

```python
def test_early_return():
    fee = late_fee(date(2024, 6, 10), date(2024, 6, 7))
    assert fee <= 0
```

चाचणी पास होते. पण ती दुरुस्तीच्या आधीही पास झाली असती, कारण उणे सहा हेही शून्यापेक्षा कमीच. म्हणजे ही चाचणी काहीच राखत नाही. उद्या कुणी `max` काढून टाकलं तरी ती हूं की चूं करणार नाही. `<=` च्या जागी `==` हवं. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दुरुस्तीची ओळ क्षणभर काढायची आणि चाचणी चालवायची. ती नापास झाली तरच तिचा उपयोग. नवी कमेंट आली, एका अक्षराची कमिट गेली, पुन्हा टिचकी.

छापखान्यात दुसरं प्रूफ का बघतात, हे ज्याने एकदा तरी पुस्तक छापून घेतलं आहे त्याला माहीत असतं. पहिल्या प्रुफातल्या चुका दुरुस्त करताना जुळारी नव्या चुका करतो, आणि त्या नेमक्या दुरुस्तीच्या ओळीत किंवा तिच्या शेजारी असतात. कोडमध्येही हे जुनंच निरीक्षण आहे. मायकेल फॅगन यांनी आयबीएममध्ये कोड तपासण्याची एक शिस्तबद्ध पद्धत बसवली आणि १९७६ साली तिच्यावर लेख लिहिला. त्या पद्धतीत तपासणीनंतर दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतर पाठपुरावा, अशा दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. नोंदवलेली प्रत्येक चूक सुटली की नाही, हे सभेच्या संचालकाने जातीने बघायचं. आणि मजकुराच्या पाच टक्क्यांहून अधिक भाग दुरुस्तीत बदलला असेल, तर सगळ्यांनी पुन्हा बसून सगळाच मजकूर पहिल्यापासून तपासायचा. तेव्हा हे कागदावर आणि टेबलाभोवती चालायचं. आज संचालकाच्या जागी गोल बाणाची खूण आहे, पण पाच टक्क्यांसारखी मर्यादा गिटहब सांगत नाही. दुरुस्ती एका ओळीची असो की निम्म्या फाइलची, खूण तीच. मोठा फेरबदल झाला असेल तर ‘मागच्या वेळेनंतरचे बदल बघून चालणार नाही, कृपया सगळंच नव्याने वाचा’ असं आपणच लिहावं लागतं.

मान्यता मिळाल्यावर आणखी एक फट उरते. हिरवी खूण आली, आणि मग लिहिणाऱ्याला आठवलं की अरे, एक छोटी गोष्ट राहिली. त्याने आणखी एक कमिट पाठवली. ती कुणी पाहिलेली नाही, पण मान्यता तशीच टिकून आहे. `Dismiss stale pull request approvals when new commits are pushed` ही सेटिंग लावली असेल, तर नव्या बदलाची कमिट आली की जुनी मान्यता गळून पडते आणि पुन्हा मागावी लागते. स्पेलिंग सुधारलं तरी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं म्हणून लोक कुरकुरतात. माझं मत सेटिंगच्या बाजूने आहे. पैशांचा हिशेब करणाऱ्या कोडमध्ये तर ती हवीच.

दंडाच्या तुकड्याला तिसऱ्या फेरीत मान्यता मिळाली. त्या प्रकल्पात `Squash and merge` वापरतात. त्यामुळे मूळ कमिट, स्पेलिंग, `max`, दोन्ही चाचण्या आणि ते एका अक्षराचं `==`, सगळं मुख्य प्रतीत एकाच कमिटमध्ये गेलं. रिव्ह्यूच्या काळात वेगळ्या ठेवलेल्या कमिटचं काम तिथे संपलं. थ्रेड मात्र पुल रिक्वेस्टच्या पानावर तसेच राहतात. एकत्र झालेल्या कमिटच्या शीर्षकाशेवटी गिटहब त्या पानाचा क्रमांक कंसात जोडतं. `git blame` चालवून ‘इथे `max` कशाला?’ म्हणून शोधत आलेला माणूस त्या क्रमांकावरून ७ जूनच्या सहा रुपयांपर्यंत पोचू शकतो. सुट्ट्यांची `#218` अजून उघडी आहे. यादी कुठे ठेवायची, यावर तिथे अकरा कमेंट झाल्या आहेत.